काकू गेल्या, ग्रुपवर काय लिहायचं?

जवळच्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपमध्ये कुणाची आई किंवा वडील गेले की 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणं आपण बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपबद्दल मी बोलत नाही. तिथे दीडदोनशे माणसं असतात, निम्म्यांनी गेलेल्या माणसाला कधी पाहिलेलंही नसतं, आणि ठरलेल्या दोन शब्दांत सगळ्यांचीच सोय होते. त्यात गैर काही नाही. मी बोलते आहे ती आठदहा जणांच्या ग्रुपबद्दल. शाळेपासून एकत्र असलेले, एकमेकांच्या स्वयंपाकघरात थेट जाऊन डबे उघडलेले, एकमेकांच्या आईची बोलणी खाल्लेले असे हे लोक. अशा ग्रुपवर लागोपाठ आठ श्रद्धांजल्या आणि त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग दिसली की मला मनापासून वाईट वाटतं.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेखाली किंवा चौकातल्या फलकावर हे शब्द शोभतात, कारण तिथे वाचणारा कुणीही असतो. मित्रांच्या ग्रुपवर वाचणारा एकच असतो, तो हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्याशी कुणीच बोलत नसतं. सगळे त्याच्या आईला उद्देशून लिहितात आणि पुढे जातात.

त्या वेळी तो काय करत असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. आमच्या ग्रुपमधल्या एकाची आई परळच्या एका हॉस्पिटलमध्ये पहाटे गेली. सव्वापाचला त्याने ग्रुपवर दोनच शब्द टाकले, 'आई गेली'. सहापासून सगळ्यांचे फोन जागे झाले आणि निरोप सुरू झाले. तो तेव्हा खाली बिलिंगच्या खिडकीसमोर उभा होता. विम्याची मंजुरी आल्याशिवाय बिल मिटत नव्हतं, आणि बिल मिटल्याशिवाय काकूंना घरी नेता येत नव्हतं. एकीकडे डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला हवा होता. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर हा दाखला 'नमुना ४' वर मिळतो, आणि तो दाखवल्याशिवाय स्मशानभूमीत पुढचं काही होत नाही. त्यासाठी काकूंचं आधारकार्ड मागितलं होतं. त्याचा फोटो फोनमध्ये कुठेतरी होता. तो गॅलरीत वर-खाली शोधत होता आणि दर काही सेकंदांनी स्क्रीनच्या वरच्या कडेला एक नवीन श्रद्धांजली उतरत होती. बोट तिच्यावर पडायचं, ग्रुप उघडायचा, परत मागे जाऊन शोध पहिल्यापासून. फोनची बॅटरी संपत आली होती आणि रत्नागिरीच्या मावशीला अजून कळवायचं होतं.

त्यातच प्रश्न सुरू झाले. 'अरे, कधी?' 'काय झालं होतं नक्की?' 'परवा तर बऱ्या होत्या ना?' 'व्हेंटिलेटरवर होत्या का?' हे विचारणाऱ्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण आजाराची हकिगत त्या माणसाला त्या दिवशी प्रत्येक नातेवाइकाला, प्रत्येक शेजाऱ्याला पहिल्यापासून सांगावी लागते. मित्रांनी तरी ती मागू नये. त्याला सांगावीशी वाटेल तेव्हा तो सांगेल, बहुधा आठ-पंधरा दिवसांनी, रात्री उशिरा, आणि तेव्हा ती शांतपणे ऐकायला आपण हवेत.

प्रश्न विचारायचाच असेल तर कामाचा विचारावा. मृत्यू घरी झाला असेल तर 'डॉक्टर मिळाले का?' हा खरा प्रश्न आहे. घरी झालेल्या मृत्यूचा दाखला 'नमुना ४अ' वर असतो, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. फॅमिली डॉक्टर गावाला गेलेले असतील, किंवा त्यांनी बऱ्याच दिवसांत रुग्णाला तपासलेलं नसेल, तर ते सही करायला कचरतात, आणि त्यांचं कचरणं बरोबरही असतं. दुसरा कुणी डॉक्टर अनोळखी माणसाच्या मृत्यूचं कारण सहसा लिहून देत नाही. घरात मृतदेह, जमलेली माणसं, आणि मुलगा दाखल्यासाठी दारोदार, असं चित्र मुंबईत अनेक घरांनी पाहिलं आहे. ग्रुपमध्ये कुणी डॉक्टर असेल, किंवा कुणाच्या ओळखीतून जुने उपचार करणारे डॉक्टर सापडत असतील, तर सकाळी सहाला तो एक फोन शंभर श्रद्धांजल्यांपेक्षा मोलाचा.

त्या दिवशी आमच्यातल्या डोंबिवलीच्या मैत्रिणीने जे केलं, ते मला या बाबतीत वस्तुपाठ वाटतं. तिने ग्रुपवर आधी काहीच लिहिलं नाही. त्याला वेगळा निरोप पाठवला: 'मी निघाले, आठच्या आत हॉस्पिटलला पोचते. चार्जर आणते. घराची चावी कुणाकडे आहे तेवढं सांग, बाकी बोलू नकोस.' त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, शेजाऱ्यांचं आडनाव. मग तिने आम्हा बाकीच्यांचा एक वेगळा ग्रुप केला, त्याच्याशिवायचा. धावपळीचं सगळं बोलणं तिकडे वळलं. कोण गाडी आणतंय, हार कोण घेतंय, वाशीवाला कुठपर्यंत आलाय, पुण्याची पोचेपर्यंत थांबायचं का, असली चर्चा ज्याची आई गेली त्याच्या फोनवर होता कामा नये. तो त्या ग्रुपमध्ये असला की प्रत्येक ओळ वाचणं त्याला भाग पडतं, आणि दर चार ओळींनी कुणीतरी त्यालाच विचारतं.

मुख्य ग्रुपवर तिने साडेआठला एकच निरोप टाकला. तो इथे देते, कारण त्यात काय आहे आणि काय नाही हे दोन्ही बघण्यासारखं आहे.

'काकू आज पहाटे गेल्या. मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये आहे. साडेदहापर्यंत त्यांना घरी आणतील, साडेबाराला घरून निघणार, एक वाजता शिवाजी पार्कची भागोजी कीर स्मशानभूमी. घरी यायचं असेल तर अकराच्या आत या. ट्रेनने येणाऱ्यांनी दादरला पश्चिमेला उतरून टॅक्सी करा. त्याला फोन करू नका, काहीही विचारायचं ते मला विचारा. इतर ग्रुपवर सांगू नका, त्याच्या बहिणीला अजून कळलेलं नाही, ती विमानात आहे.'

मुंबईत अंत्यसंस्कार बहुतेकदा त्याच दिवशी, काही तासांत होतात. विरारहून, बदलापूरहून, पनवेलहून निघणाऱ्याला वेळ आणि ठिकाण सकाळी नऊपर्यंत कळलं नाही तर शेवटचं दर्शन चुकतं, आणि ते चुकल्याची रुखरुख पुढे अनेक वर्षं राहते. 'दुपारी आहे' एवढं पुरत नाही. घरून निघायची वेळ वेगळी, स्मशानात पोचायची वेगळी, दोन्ही लिहाव्या लागतात. स्मशानभूमीचं नाव पूर्ण लिहावं लागतं. रविवार असेल तर कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक आहे तेही कुणीतरी बघून लिहावं. शोकसंदेशात हे कोरडं वाटेल, पण माणूस वेळेवर येऊन शेजारी उभा राहिला तर त्याने काय लिहिलं होतं हे कुणी आठवत बसत नाही.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी लक्षात आली. शववाहिनीसाठी आणि स्मशानातल्या नोंदीसाठी काकूंचं पूर्ण नाव लागलं, आणि बोरिवलीहून आलेल्या मित्राला ते सांगता येईना. पस्तीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण आम्हा सगळ्यांसाठी त्या फक्त काकू होत्या. अशा निरोपात गेलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव लिहावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

त्या निरोपातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बातमी घरच्यांची असते. कुणाला आधी सांगायचं, कुणाला कशा शब्दांत सांगायचं, कुणाला प्रवास संपेपर्यंत सांगायचंच नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. आपल्यातला एखादा हळवा मित्र मात्र सकाळी सातला काकूंचा फोटो शोधून, त्याला हार घालून, स्टेटसला ठेवतो. तो फोटो परदेशात राहणारी मुलगी किंवा हृदयविकार असलेला सख्खा भाऊ बघतो. आईच्या जाण्याची बातमी अशी कळणं ही जखम वेगळीच असते. घरच्यांपैकी कुणीतरी 'आता सांगितलं तरी चालेल' म्हणेपर्यंत स्टेटस नको, दुसऱ्या ग्रुपवर निरोप नको, शाळेच्या मोठ्या ग्रुपवर तर नकोच. पार्थिवाचे किंवा चितेचे फोटो कधीच नकोत.

आता उरतो तो खरा शोकसंदेश, म्हणजे आपल्याला जे मनातलं सांगायचं आहे ते. तो ग्रुपवर लिहावा का? माझं म्हणणं आहे की प्रत्येकाने तो वेगळा, फक्त त्यालाच लिहावा. ग्रुपवर एकाने लिहिलं की दुसऱ्यावर दडपण येतं, तिसरा पहिल्याचीच ओळ उचलतो, आणि चौथा लिहू शकला नाही याची नोंद सगळ्यांच्या मनात होते. दुःख झालेल्या माणसालाही ग्रुपवर सगळ्यांसमोर 'थँक्स रे' म्हणत बसावं लागतं. वेगळ्या निरोपाला तो दोन महिन्यांनी उत्तर देऊ शकतो, किंवा देतही नाही.

त्या निरोपात ज्या माणसाला आपण ओळखत होतो ते माणूस दिसलं पाहिजे. आमच्या बोरिवलीच्या मित्राने लिहिलेला निरोप त्याने नंतर आम्हाला दाखवला. 'दहावीच्या वर्षी तुमच्याकडे अभ्यासाला बसायचो तेव्हा काकू रात्री पोहे करायच्या. मी कांदा खात नाही म्हणून माझ्यापुरते वेगळे परतायच्या, आणि आणखी कुणी मागितले तर "ते त्याचे आहेत" म्हणून दटावायच्या. माझ्या घरीसुद्धा माझ्यासाठी कुणी वेगळे पोहे केले नाहीत. उद्या तुझ्या मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला मी येतो. याला उत्तर नको.' चारपाच वाक्यं. त्यात देव नाही, आत्मा नाही, उपदेश नाही. मुलाला ठाऊक नसलेली आईची एक गोष्ट आहे. तो मित्र म्हणाला की पोहे वेगळे व्हायचे हे त्याला माहीतच नव्हतं. आई गेल्यावर आईबद्दल काहीतरी नवीन कळलं. हे फक्त मित्र देऊ शकतात, कारण आपल्या आईवडिलांचा जो चेहरा आपल्याला दिसत नाही तो त्यांनी पाहिलेला असतो.

शेवटच्या दोन वाक्यांकडेही बघा. 'काही लागलं तर सांग' असं आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण त्याने काय मागावं? ज्याला जेवलो की नाही हे आठवत नाही तो कामांची यादी करून वाटणार आहे का? काम आपण शोधून सांगावं, त्याने फक्त हो किंवा नको म्हणावं. घरी पिठलंभात पोचवणं शेजारी करतातच. मित्रांसाठी दुसरी कामं असतात: मुलांची शाळा, घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाची औषधं, पुण्याहून येणाऱ्या आत्याला दादरला उतरवून घेणं, आणि नंतर वॉर्ड ऑफिसमधून मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणणं. बँक, विमा, पेन्शन, सोसायटीचं भागपत्र, प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात. एकदम जास्त प्रती घेऊन ठेवल्या तर पुढचे हेलपाटे वाचतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटलमधला मृत्यू हॉस्पिटलच कळवतं, पण घरच्या मृत्यूची नोंद झाली आहे ना, आणि नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं.

'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो' या वाक्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. आपले ग्रुप एका जातीधर्माचे नसतात, मुंबईत तर नाहीतच. माझ्या एका बौद्ध मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा ग्रुपवर हे वाक्य चार वेळा आलं. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिचे वडील आयुष्यभर त्या प्रतिज्ञांप्रमाणे जगले. त्यांच्या घरी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. ज्या माणसाने ईश्वर आणि आत्मा दोन्ही विचारपूर्वक नाकारले, त्याच्या आत्म्यासाठी ईश्वराला साकडं घालणाऱ्या चार मैत्रिणी त्यांच्या घरी जेवून मोठ्या झाल्या होत्या. ती काही बोलली नाही. पण आपल्या वडिलांना यांनी ओळखलंच नाही, असं तिला वाटलं असेल तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वसईच्या ख्रिस्ती मित्राला 'ओम शांती' पाठवणं हाही त्यातलाच प्रकार. मुसलमान मित्राच्या घरी दफन शक्य तितक्या लवकर, बहुतेक त्याच दिवशी, नमाजनंतर होतं. तिथे शब्दांची जुळवाजुळव करण्यात तास घालवला तर जायचंच राहून जातं. सोसायटीच्या ग्रुपवर अशी चूक झाली तर अज्ञान म्हणून सोडून देता येते. जवळच्या मित्राकडून ती व्हायला नको.

'वय झालं होतं', 'सोनं झालं', 'सुटल्या', 'आता तूच घरातला मोठा', 'खंबीर राहा'. ही वाक्यं मी कुणालाही लिहीत नाही. काकू तीन वर्षं डायलिसिसवर होत्या, आठवड्यातून तीन वेळा त्यांना घेऊन जाणारा मुलगा स्वतः म्हणू शकतो की सुटली बिचारी. त्या तीन वर्षांनी त्याला तो अधिकार दिला आहे. तो तसं म्हणाला तरी आपण 'हो, सुटल्या' म्हणू नये. त्याला आतून ऐकायचं असतं की त्याने खूप केलं. तेच सांगावं, आणि नेमकं काय केलं ते आठवून सांगावं.

यावर मला एका जवळच्या मित्राने प्रामाणिक आक्षेप घेतला. तो म्हणाला, सगळ्यांना लिहिता येत नाही. ज्याला शब्द सुचत नाहीत तो तुझ्या या अटींना घाबरून काहीच लिहिणार नाही, आणि मित्राला वाटेल याला सोयरसुतकच नाही. त्यापेक्षा दोन ठरलेले शब्द बरे. आक्षेपात तथ्य आहे. गप्प राहणं हे वाईट शब्दांपेक्षा वाईट, हे मला मान्य आहे, आणि ठरलेली वाक्यं अशा वेळी माणसाचा हात धरतात हेही खरं. पण जवळच्या मित्राकडून सुंदर लिहिण्याची अपेक्षा नाहीच. 'मला काय लिहावं कळत नाही. मी संध्याकाळी येतो' एवढं कुणालाही लिहिता येतं, आणि ते श्रद्धांजलीपेक्षा लांब नाही. मग खरंच जायचं, अर्धा तास बसायचं, निघताना आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे 'येतो' न म्हणता उठायचं. ज्याला बोलता येत नाही त्याने बसलेलं चालतं.

तेराव्यानंतर ग्रुपचं काय होतं, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. दोन आठवडे सगळे गप्प असतात. विनोद कुणी टाकत नाही, शनिवारचा बेत कुणी काढत नाही. आदर म्हणून हे ठीक वाटतं, पण ज्याची आई गेली त्याला वाटू लागतं की आपल्यामुळे सगळं थांबलंय. आमच्यातल्या वाशीवाल्याने त्याला सरळ फोन करून विचारलं, 'ग्रुपवर क्रिकेटचं बोलायला लागू का?' तो म्हणाला, 'लागा रे, मी वाट बघतोय.' असं विचारून सुरुवात करावी. विचारायची लाज वाटते म्हणून आपण अंदाज बांधतो आणि बहुतेकदा चुकतो.

आणि पुढच्या तारखा कुणीतरी लक्षात ठेवाव्यात. मातृदिनाला आईवरच्या कविता ग्रुपवर येतात, त्या वर्षी त्या आवराव्यात. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ करत नाहीत, बाकीच्यांनी नेऊन द्यायचा असतो. हल्ली फराळ विकत मिळतो आणि घरं लांब लांब पांगलेली आहेत, त्यामुळे ही पद्धत मुंबईत विरत चालली आहे. वसुबारसेच्या आधी ग्रुपवर एकाने लिहावं की चकल्या मी आणतेय, लाडू कोण आणतंय. हे बोलणं मात्र त्याच्यासमोर, मुख्य ग्रुपवरच व्हावं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवतात, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची. त्याच्याशी बोलायच्या चॅटमध्ये ती चालू असेल तर निरोप पाठवायच्या आधी बंद करावी. आमच्या मित्राने तो पोह्यांचा निरोप वर्षश्राद्धाला बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, मलाही पाठव.